प्रांतनामांची कुळकथा: नदी, राज्य, गड आणि किताब

भारतातल्या राज्यांची आणि जिल्ह्यांची नावे कुठून आली हे शोधू लागले की चार वाटा वारंवार समोर येतात: जवळून वाहणारी नदी, जुने राज्य, एखादा गड आणि राज्यकर्त्याचे नाव किंवा किताब. उगम सापडला तरी काम संपत नाही. नाव ज्या मुलखाला प्रथम मिळाले तो मुलूख आणि आज ते नाव मिरवणारा मुलूख क्वचितच एक असतात. मधल्या काळात वसुलीची विभागणी बदलते, राजधानी हलते, सरहद्द सरकते आणि नाव मात्र दप्तरात टिकून राहते.

नदीवरून पडलेल्या नावांत पंजाबचे नाव सर्वांत परिचयाचे. फारसीत ‘पंज’ म्हणजे पाच आणि ‘आब’ म्हणजे पाणी. झेलम, चिनाब, रावी, बियास आणि सतलज या त्या पाच नद्या. महाभारतात याच भागाला पंचनद म्हटले आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता सिंधूच्या काठी पोहोचला तेव्हा ‘पंजाब’ हे त्याने नदीचेच नाव म्हणून नोंदवले. पाण्याचे नाव प्रदेशाला चिकटले ते पुढे. तरीही अकबराच्या राज्यव्यवस्थेत या भागातल्या सुभ्यांची नावे लाहोर आणि मुलतान अशी शहरांवरून होती. इंग्रजांनी १८४९मध्ये शीख राज्य खालसा केले आणि पंजाब हे प्रांताचे अधिकृत नाव झाले. त्यानंतर काही वर्षांतच दिल्लीचा मुलूखही त्याला जोडला गेला. दिल्ली यमुनेच्या काठी आहे आणि यमुना त्या पाचांत मोडत नाही.

दोन नद्यांमधल्या जमिनीला तिथे दोआब म्हणतात. या दोआबांची नावे दोन्ही नद्यांची अक्षरे जोडून केलेली आहेत: बियास आणि रावी यांच्यामधला बारी, रावी आणि चिनाब यांच्यामधला रेचना, बियास आणि सतलज यांच्यामधला बिस्त. असली जोडनावे लोकांच्या तोंडी आपोआप तयार होत नाहीत, दप्तरात बसून ठरवावी लागतात; परंपरेने त्यांचे श्रेय अकबराला दिले जाते. १९४७च्या फाळणीनंतर या पाच नद्यांचा हिशेब पार विस्कटला. भारताच्या पंजाबात रावी, बियास आणि सतलज राहिल्या. पाकिस्तानच्या पंजाबात झेलम, चिनाब, रावी आणि सतलज गेल्या. बियास मात्र तिथे नाही, कारण ती हरिके इथे, भारतातच, सतलजेला मिळते. पाचही नद्या ज्यात वाहतात असा पंजाब आता सरहद्दीच्या कोणत्याच बाजूला नाही.

गुजरातमधली नदीनामे मराठी वाचकाला जवळची वाटावीत. साबरकांठा आणि बनासकांठा या जिल्ह्यांच्या नावांतला ‘कांठा’ म्हणजे मराठीतला काठच. साबरमतीचा काठ तो साबरकांठा, बनासचा काठ तो बनासकांठा. ही पद्धत इंग्रजी अमलातल्या संस्थानी कारभारातून रुळली. लहानमोठी अनेक संस्थाने एका पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली आणली की त्या जुडग्याला काहीतरी नाव लागे. एका संस्थानाचे नाव द्यावे तर बाकीच्यांचा मान दुखावणार. नदीबद्दल कोणाचीच तक्रार नसे. अशा रीतीने महीकांठा आणि रेवाकांठा या एजन्स्या झाल्या. रेवा हे नर्मदेचेच दुसरे नाव. संस्थाने विलीन झाली, एजन्स्या संपल्या, पण नद्यांनी पुन्हा डोके वर काढले. रेवाकांठ्यातले सर्वांत मोठे संस्थान राजपीपळा. १९९७मध्ये तिथे मुख्यालय असलेला जिल्हा तयार झाला, त्याचे नाव नर्मदा. लुणावाडा हे संस्थानही रेवाकांठ्यातच मोडत असे, पण ते वसले आहे मही नदीच्या खोऱ्यात. २०१३मध्ये तिथे जिल्हा झाला तो महिसागर या नावाने. एजन्सीच्या नावापेक्षा जिल्ह्याचे नाव भूगोलाला धरून आहे.

जुन्या राज्यांवरून आलेली नावे नदीच्या नावांइतकी स्थिर नसतात. नदी सहसा जागा सोडत नाही. राज्य मात्र सरकते आणि सरकताना नाव बरोबर नेते. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग याने ज्या गुर्जर राज्याचे वर्णन केले आहे त्याची राजधानी भीनमाळ ही मानली जाते आणि ते गाव आज राजस्थानात आहे. आजच्या गुजरातच्या दक्षिण भागाला तेव्हा लाट म्हणत. पुढे अणहिलवाड पाटणच्या चौलुक्यांचे राज्य वाढले आणि गुर्जर हे नाव त्यांच्याबरोबर दक्षिणेकडे पसरत गेले. लाट हे नाव लोपले. गुजरात हे नाव राज्याला उरले आणि ज्या भीनमाळपासून ते निघाले ते गावच त्याच्या बाहेर पडले.

कर्नाटकाचा प्रवास याहून लांबचा. विजयनगरचे राज्य कर्नाट किंवा कर्नाटक राज्य म्हणून ओळखले जाई. १५६५मध्ये तालिकोटच्या लढाईत त्याचा पराभव झाला आणि राजधानी आधी पेनुकोंड्याला, मग चंद्रगिरीला, अशी आग्नेयेकडे हटत गेली. राजाबरोबर राज्याचे नावही गेले आणि पूर्व घाटाखालच्या तमिळ मुलखाला ‘कर्नाटक’ म्हटले जाऊ लागले. अर्काटचा नबाब इंग्रजी कागदांत कर्नाटकचा नबाब आहे तो याच अर्थाने. शिवाजी महाराजांनी १६७७मध्ये जिंजी आणि वेल्लोरकडे मोहीम काढली, तिला मराठी कागदांत कर्नाटकची स्वारी म्हणतात. ही दोन्ही ठिकाणे आज तमिळनाडूत आहेत. हा संदर्भ ठाऊक नसेल तर अठराव्या शतकातला पत्रव्यवहार वाचताना घोटाळा ठरलेला. घाटावरच्या कन्नड मुलखात १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव बदलून कर्नाटक झाले, तेव्हा ते नाव आपल्या मूळ घरी परतले.

गडावरून पडलेल्या नावांपैकी छत्तीसगड सविस्तर पाहण्यासारखे आहे. त्यात आकडा आहे, तो आकडा कुठून आला याबद्दल वाद आहे आणि नावाच्या इतिहासात नागपूरकर भोसल्यांचाही हात आहे.

महानदीच्या वरच्या खोऱ्यात कलचुरी घराण्याचे राज्य होते. रतनपूर ही त्याची राजधानी. पुढे घराण्याची एक शाखा वेगळी होऊन रायपूरला नांदू लागली. परंपरेने सांगितली जाणारी वाटणी अशी: शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरच्या शाखेकडे अठरा गड आणि दक्षिणेला रायपूरच्या शाखेकडे अठरा. उत्तरेच्या यादीत रतनपूर, खरोद, मारो, नवागड, लाफा, छुरी, पेंड्रा अशी नावे आहेत. दक्षिणेच्या यादीत रायपूर, पाटण, सिमगा, दुर्ग, राजिम, सिरपूर, फिंगेश्वर ही. यांतली काही नावे आजही जिल्ह्यांची किंवा तालुक्यांची आहेत. दुर्ग तर नुसत्या गडाचेच नाव घेऊन जिल्हा होऊन बसला आहे.

इथे ‘गड’ या शब्दाने डोंगरावरचा तट-बुरूज असलेला किल्ला डोळ्यांपुढे आणला तर चूक होते. सह्याद्रीतला गड आणि तिथला गड यांत फरक आहे. तिथे गड म्हणजे मुख्यतः वसुलीचा एक घटक. त्याच्या केंद्रस्थानी मातीची गढी आणि भोवती खंदक असे, पण गडाची मोजणी गावांवर होई. बारा गावांचा एक ‘बरहों’, असे सात बरहों मिळून एक गड, म्हणजे एका गडाखाली चौऱ्याऐंशी गावे. गडाचा प्रमुख दिवाण, बरहोंचा प्रमुख दाऊ आणि गावाचा प्रमुख गौंटिया. चौऱ्याऐंशी गावांचा गट ही कल्पना फक्त तिथलीच नव्हे; सुरतेजवळच्या तालुक्याचे चोर्यासी हे नाव त्याच पठडीतले आहे आणि पुण्याच्या पश्चिमेचे बारा मावळही मुलूख मोजण्याच्या अशाच रीतीतून आलेले. प्रत्यक्षात कुठल्या गडाखाली चौऱ्याऐंशीपेक्षा कमी गावे असत, कुठे जास्त. आकडा हा नमुना होता, खानेसुमारी नव्हे.

अठरा आणि अठरा या बेरजेकडेही त्याच नजरेने पाहावे लागते. छत्तीस गडांची यादी एकोणिसाव्या शतकात छापली गेली ती इंग्रज सेटलमेंट अधिकारी चिझम याच्या बिलासपूरवरील १८६८च्या अहवालात. दोन्ही शाखांच्या वाट्याला नेमके सारखेच गड यावेत यात हिशेबनिसाची सफाई दिसते. एवढी चोख वाटणी शेतजमिनीतही सहसा होत नाही. मध्य भारतात असे आकडे आणखी सापडतात. गढा-मंडला इथल्या गोंड राज्याचे बावन्न गड सांगतात आणि हिमालयातल्या गढवालचेही बावन्नच. ज्या राज्याकडे पुष्कळ गड आहेत त्याला एक भरीव, बोलायला सोपा आकडा जोडण्याची ती रीत होती. मूळ मुलखात गड भरपूर होते हे खरे. ते कोणत्या साली मोजून छत्तीस भरले, हा प्रश्न त्या आकड्याला विचारण्यात अर्थ नाही.

या नावाची इतर स्पष्टीकरणेही दिली गेली आहेत. पुरातत्त्व खात्यातल्या बेग्लर याने एक दंतकथा नोंदवली: जरासंधाच्या काळी चामड्याचे काम करणारी छत्तीस घरे मगधातून इकडे आली, म्हणून ‘छत्तीस घर’. इतिहासाचे अभ्यासक हिरालाल यांचे मत वेगळे होते. कलचुरी हे चेदी देशाचे राजे, चेदीश. म्हणून मूळ नाव ‘चेदीशगड’ आणि त्याचा अपभ्रंश छत्तीसगड. हे दुसरे मत विद्वत्तेचे दिसते आणि राजवंशाशी त्याचा सांधाही जुळतो, पण ध्वनीच्या बाजूने ते लंगडे आहे. त्या भागातल्या बोलींच्या इतिहासात कठोर ‘त’चा मृदू ‘द’ होतो; चेदीशचे छत्तीस व्हायला नेमकी उलटी चाल लागते आणि शिवाय ‘च’चा ‘छ’ व्हावा लागतो. ‘छत्तीस घर’ला तर दंतकथेपलीकडे आधार नाही. अठरा-अठरा गडांच्या वाटणीमागे निदान एक चालती महसूल व्यवस्था उभी आहे, म्हणून तेच स्पष्टीकरण आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

पुढचा भाग नागपूरचा. १७४१मध्ये भोसल्यांचा सेनानी भास्करपंत याने रतनपूर घेतले. १७५८पासून बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार पाहू लागले. रतनपूर आणि रायपूर या दोन्ही शाखांचा मुलूख आता एकाच हाताखाली आला, तेव्हा दोन्हींना मिळून एक नाव सोयीचे झाले. १७८७मध्ये बिंबाजींच्या मृत्यूनंतर नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. त्यांतल्या विठ्ठल दिनकर याने जुनी गडांची विभागणी मोडून सत्तावीस परगणे पाडले आणि त्यांवर कमाविसदार, फडणवीस असे मराठी दौलतीतले अधिकारी बसवले. गड हा वसुलीचा घटक इथे संपला. त्यानंतरच्या काळात छत्तीसगड या नावाखाली एकही गड कारभार पाहत नव्हता, तरी नाव अधिकाधिक पक्के होत गेले. नागपूरचे राज्य १८५४मध्ये खालसा झाल्यावर इंग्रजांनी तेच नाव आपल्या विभागाला दिले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून वेगळ्या झालेल्या राज्यालाही तेच मिळाले. या राज्यात दक्षिणेचा बस्तर आणि उत्तरेचा सरगुजा हे मोठे मुलूख आहेत. ते छत्तीस गडांच्या यादीत कधीच नव्हते.

महाराष्ट्रात गडाचे नाव जिल्ह्याला देण्याची दोन जवळजवळची उदाहरणे १९८१ सालातली आहेत. १ जानेवारीला कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि १ मेला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. पहिल्या प्रसंगात एक गंमत आहे: जे नाव गेले तेही किल्ल्याचेच होते. अलिबागसमोर समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे होता आणि १८६९मध्ये ठाण्यातून वेगळा काढलेला जिल्हा त्याचेच नाव घेऊन बसला. मुंबईच्या कुलाब्याशी होणारा गोंधळ नव्या नावामुळे संपला. मुख्यालय मात्र अलिबागलाच राहिले, म्हणजे जुन्या नावाच्या किल्ल्यासमोर. रायगड तिथून दूर, महाड तालुक्यात. सिंधुदुर्ग किल्लाही मालवणच्या बेटावर आहे आणि जिल्ह्याचा कारभार ओरोसला चालतो. जुनी गडनामे ठाण्यावरून पडत, कारण वसूल तिथे जमा होई. या दोन नावांमागे स्मरण आहे, त्यामुळे कचेरी कुठे आहे याच्याशी त्यांना देणेघेणे नाही.

किताबावरून आलेल्या नावांत खानदेश मराठी मुलखातले. तापीच्या खोऱ्यात फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा याला थाळनेरचा मुलूख दिला आणि त्याने फारुकी घराण्याचा पाया घातला. त्याचा मुलगा नासिर याने असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवले आणि गुजरातच्या सुलतानाकडून त्याला ‘खान’ हा किताब मिळाला. खानांचा देश तो खानदेश, असे फारसी इतिहासकारांच्या आधाराने सांगतात. यावर आक्षेप असा की हा मुलूख नावाशिवाय राहिलेला नव्हता. यादवांच्या लेखांत सेउणदेश येतो, सेउणचंद्र या यादव राजावरून. तो नाशिक ते देवगिरी या पट्ट्याशी जोडला जातो. कान्हदेश, म्हणजे कृष्णाचा देश किंवा कन्हर या यादव राजाचा देश, असेही मूळ सुचवले गेले आहे. ध्वनीच्या दृष्टीने कान्हदेशचा खानदेश होणे अशक्य नाही. ‘न्ह’मधला हकार पुढे सरकून ‘क’ला मिळाला की ‘ख’ होतो. सेउणचा खान मात्र कुठल्याही वाटेने होत नाही.

या वादात एक वेगळाच पुरावा हाती लागतो. जानेवारी १६०१मध्ये असीरगड पडला आणि अकबराने हा सुभा आपला मुलगा दानियाल याला दिला. सुभ्याचे नाव बदलून ‘दानदेश’ केले गेले. ‘खान’ काढून त्याच्या जागी ‘दान’ बसवता आला, याचा अर्थ मुघल दरबाराच्या समजुतीत हे नाव खान अधिक देश असेच फोडले जात होते. त्यामुळे सतराव्या शतकाच्या आरंभी नावाचा अर्थ काय मानत हे पक्के होते. दोनशे वर्षांपूर्वी नाव कसे पडले ते त्यावरून सिद्ध होत नाही. जुने कान्हदेश आधीपासून तोंडात असावे आणि खानांची सत्ता आल्यावर नवा अर्थ त्यात सहज बसला असावा, हीही शक्यता उरते. ‘दानदेश’ कागदावर आला आणि कागदावरच विरला. शहाजाद्याचे नाव खेड्यापाड्यांत रुजायला एक फर्मान पुरले नाही.

खानदेशाची पुढची गोष्ट छत्तीसगडच्या उलट आहे. १८१८नंतर इंग्रजांनी धुळ्याला मुख्यालय ठेवून खानदेश हा मोठा जिल्हा केला. १९०६मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन तुकडे झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते अनुक्रमे जळगाव आणि धुळे या शहरांच्या नावांनी ओळखले जाऊ लागले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. फारुक्यांची राजधानी बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात गेली. आज खानदेश नावाचा एकही जिल्हा नाही, पण लग्नपत्रिकांपासून भरताच्या वांग्यांपर्यंत नाव रोजच्या वापरात आहे. छत्तीसगडात गड गेले आणि कारभारी नाव राहिले; इथे कारभारी नाव गेले आणि ते लोकांकडे उरले.

निजामाच्या राज्यातली किताबनामे इतकी खोल गेली नाहीत. निजाम हा ‘निजाम-उल-मुल्क’ या किताबाचा संक्षेप आणि निजामाबाद हे त्यावरून पडलेले नाव. गावाचे आधीचे नाव इंदूर. महबूबनगर हे निजाम महबूब अली खानाच्या नावाचे, पण आसपासचे लोक त्याला अजूनही पालमूर म्हणतात. मराठवाड्यातले उस्मानाबाद हे शेवटचा निजाम मीर उस्मान अली खानाच्या नावाचे. तिथे धाराशिव हे जुने नाव अलीकडे अधिकृतपणे परत आले. तिन्ही ठिकाणी नवे नाव गावाला वरून दिलेले होते आणि जुने नाव बोलण्यात शिल्लक होते, त्यामुळे त्याकडे परत वळण्याची वाट कायम मोकळी राहिली.

किताब आणि नदी यांची थेट अदलाबदल नर्मदेच्या काठी झाली. माळव्याचा सुलतान होशंगशाह याचे मूळ नाव अल्प खान. होशंगशाह हे त्याने गादीवर बसताना घेतलेले नाव. त्याच नावाने पंधराव्या शतकात नर्मदेच्या दक्षिण तीरावर होशंगाबाद वसले आणि इंग्रजी अमलात ते जिल्ह्याचे नाव झाले. मध्य प्रदेश सरकारने आधी महसूल विभागाला नर्मदापुरम हे नाव दिले, त्यामुळे काही वर्षे नर्मदापुरम विभागाचे मुख्यालय होशंगाबाद शहरात होते. २०२२मध्ये शहर आणि जिल्हा या दोन्हींची नावे विभागाच्या नावाशी जुळवून घेण्यात आली.